तोंडी अकरा, कागदावर तेरा

*ताई, मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात राहते. घरी मसाला कांडप चालवते. मोठं यंत्र आणि पिठाची गिरणी घ्यायची म्हणून बँकेत सहा लाखांच्या कर्जाचा अर्ज दिला. काउंटरवरच्या माणसानं फाईल माझ्याकडे ढकलून कन्नडमध्ये ‘उद्यम इल्ला, नाळे बन्नी’ एवढंच म्हटलं, म्हणजे उद्यम नाही, उद्या या. चार लोकांत मान खाली गेली. आत कर्जाचं बघणारे साहेब मात्र चांगले होते. मराठीत बोलले, चहा मागवला, ‘तुम्ही फक्त सह्या करा ताई’ म्हणाले. पंधरा-वीस सह्या केल्या. व्याज अकरा टक्के सांगितलं होतं. परवा शुक्रवारी इंग्रजी कागद हातात दिला, त्यावर १३.१५ आहे. सोमवारी या आणि सही करा म्हणाले. मला फसवलं का? त्या काउंटरवरच्या माणसाची तक्रार करू का, आणि केली तर कर्ज अडवतील का? सासरे म्हणतात, बँक सोड, गावच्या सोसायटीतून काढ, तिथं आपली माणसं आहेत.*

— खानापूर तालुक्यातील एक वाचक

ताई,

सोमवारी सही करू नका, एवढं मी तुम्हाला फोनवर सांगितलं आणि तुम्ही थांबलात, हे बरं झालं. तुम्ही पाठवलेले कागदांचे फोटो मी दोनदा वाचले. माझी नोकरीची वर्षं बँकेच्या शाखांतच गेली, त्यातली बरीच कर्जाच्या टेबलावर, त्यामुळे त्या टेबलाच्या दोन्ही बाजूंना काय घडतं ते मला ठाऊक आहे.

आधी त्या १३.१५ बद्दल. तो आकडा खोटा नाही, आणि अकराही खोटा नाही. तुमच्या हातातल्या कागदाला ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ म्हणतात, मराठीत मुख्य तथ्य विवरण. रिझर्व्ह बँकेनं एप्रिल २०२४ मध्ये परिपत्रक काढून १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक नव्या किरकोळ कर्जाला आणि लघुउद्योगाच्या मुदत कर्जाला हा कागद सक्तीचा केला. त्यात व्याजाचा दर वेगळा असतो आणि ‘एपीआर’ वेगळा. एपीआर म्हणजे व्याज आणि कर्जासाठी तुमच्या खिशातून जाणारे बाकीचे सगळे पैसे एकत्र धरून वर्षाला खरोखर किती टक्के पडतात, तो आकडा.

तुमच्याच कागदावरचा हिशेब मांडते. कर्ज सहा लाख, मुदत ६० महिने, व्याज ११ टक्के. हप्ता येतो १३,०४५ रुपये. पण सहा लाख तुमच्या खात्यावर पडणार नाहीत. प्रोसेसिंग फी एक टक्का, म्हणजे ६,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, मिळून ७,०८० आधीच वळते होणार. त्याखाली दुसऱ्या पानावर ‘तिसऱ्या पक्षाचे शुल्क’ असं सदर आहे आणि तिथं २१,६०० रुपये लिहिलेत. तो कर्जसंरक्षण विम्याचा एकरकमी हप्ता आहे. दोन्ही वजा करून हातात येणार ५,७१,३२०. हप्ता मात्र पूर्ण सहा लाखांवरच चालू राहणार. पावणेसहा लाखांच्याही आतले पैसे वापरायचे आणि सहा लाखांचे फेडायचे, म्हणून अकराचे १३.१५ झाले.

आता विमा बाजूला काढून बघा. फक्त प्रोसेसिंग फी धरली तर एपीआर साडेअकराच्या आसपास येतो. म्हणजे वरचे दीड टक्क्याहून जास्त एकट्या विम्याचे आहेत. आणि ते २१,६०० तुम्ही रोख भरत नाही, कर्जातून भरता, म्हणून त्यांवरही पाच वर्षं व्याज चालतं. महिन्याच्या हप्त्यात त्यांचा वाटा सुमारे ४७० रुपये आहे. साठ हप्त्यांत ते २८,००० च्या वर जातात. मिरची कांडून एवढी रक्कम उभी करायला किती दिवस लागतात, ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

हा विमा तुम्ही मागितला होता का? फोनवर तुम्ही म्हणालात, ‘विम्याचं कुणी बोललंच नाही.’ मग त्या पंधरा-वीस सह्यांत एक सही विम्याच्या संमतीपत्रावर आहे, हे जवळजवळ नक्की. आणि ती सही ज्यांनी घेतली ते तेच साहेब, ज्यांनी चहा मागवला.

इथं मला तुमच्या पत्रातल्या एका समजुतीजवळ थांबायचं आहे. तुम्ही शाखेतल्या दोन माणसांना दोन पारड्यांत घातलंत, एक वाईट आणि एक चांगला. काउंटरवरचा माणूस उद्धट वागला, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. फाईल ढकलणं, मान वर न करणं, समोरच्याला समजेल अशा भाषेत दोन वाक्यंही न बोलणं, हे वागणं चूकच आहे. पण त्यानं सांगितलं ते खरं होतं. तुमच्या फाईलला उद्यम नोंदणीचं प्रमाणपत्र नव्हतं, आणि त्याशिवाय तुमचा अर्ज सूक्ष्म उद्योगाचा म्हणून पुढं सरकला नसता. ती नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, तुम्ही ती दोन दिवसांत केलीत आणि अर्ज मार्गी लागला. आतल्या साहेबांनी तुमचा मान ठेवला, पण कोणत्या कागदावर सही करताय हे सांगितलं नाही. एकाच्या वागण्यानं तुमचा जीव दुखला, दुसऱ्याच्या न सांगण्यानं २८,००० रुपये जाणार होते. तक्रार करायला निघालात ती मात्र पहिल्याची.

यात तुम्हाला दोष देत नाही. आपल्या भागात बँकेत मराठीत कुणी बोललं की आपलं अर्धं ओझं उतरतं. खानापूर, निपाणी, येळ्ळूर, उचगाव, कुठलंही गाव घ्या, शाखेत पाऊल टाकताना पोटात आधी भाषेचीच धाकधूक असते. म्हणून ‘ताई’ म्हणणाऱ्यावर आपला विश्वास लगेच बसतो आणि कागद वाचायचा राहतो. माझ्या टेबलासमोर बसलेल्या कितीतरी बायकांनी ‘तुम्ही आपल्याच आहात, कुठं सही करू तेवढं सांगा’ असं म्हणून पेन हातात घेतलं आहे. एखाद्या कामाच्या गर्दीत मीही बोट दाखवून मोकळी झाले आहे, आणि ते आठवलं की आजही वाईट वाटतं.

काउंटरवरच्या माणसाबद्दल आणखी एक. तुम्ही मराठी म्हणूनच तो तुम्हाला टाकून बोलला, असं तुमच्या मनात आलं आहे. असेलही. पण सरकारी बँकांत बदल्या दूरदूरहून होतात. आंध्रातून आलेल्याला कन्नडही चार वाक्यांपलीकडे येत नाही आणि ‘नाळे बन्नी’ हे तो पहिल्या आठवड्यात शिकतो. त्याच्या मनात काय होतं ते तुम्हाला सिद्ध करता येणार नाही. तो काय बोलला आणि त्यानं काय केलं, ते मात्र लिहिता येईल.

भाषेच्या बाबतीत नियम काय आहे तेही नीट समजून घ्या, कारण यात आपल्याकडे दोन्ही टोकांचे गैरसमज आहेत. शाखेतले फलक आणि छापील अर्ज इंग्रजी, हिंदी आणि त्या राज्याच्या भाषेत असावेत, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. कर्नाटकात ती भाषा कन्नड. म्हणून प्रत्येक चलन, प्रत्येक पाटी मराठीत हवी असा हट्ट धरला तर मॅनेजर नियम दाखवतील आणि तुमचं मुद्द्याचं काम तिथंच अडेल. पण मुख्य तथ्य विवरणाचा नियम वेगळा आहे. ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असलं पाहिजे, त्यातला मजकूर तिला समजावून सांगितला पाहिजे आणि समजलं अशी पोच तिच्याकडून घेतली पाहिजे, असं परिपत्रकातच आहे. तिथं राज्याची भाषा असं म्हटलेलं नाही, कर्जदाराला समजणारी असं म्हटलं आहे. तुम्हाला मराठी समजते. तेव्हा या एका कागदासाठी मराठी मागणं हा तुमचा हक्क आहे आणि तो शांतपणे मागा. ‘आमच्याकडे मराठी नमुना नाही’ असं म्हणाले तर सांगा, की याच बँकेची महाराष्ट्रात चंदगडला किंवा गडहिंग्लजला शाखा असेल तर तिथं तो मराठीत असणार, तो मागवून घ्या.

तुमच्या फोटोंत मला आणखी एक कागद दिसला, ज्याकडे तुमचं लक्ष गेलं नसावं. मराठीत सही करणाऱ्या कर्जदाराकडून बँका एक घोषणापत्र घेतात. कागदपत्रांचा मजकूर मला माझ्या भाषेत वाचून दाखवला, समजावून सांगितला आणि तो समजून मी सही करत आहे, असा त्याचा अर्थ. ज्यानं समजावलं त्याचीही खाली सही असते. तुमच्या घोषणापत्रावर तुमची सही आहे आणि समजावणाऱ्याची जागा कोरी आहे. उद्या वाद झाला तर हा एकच कागद तुमच्या विरुद्ध उभा राहील, म्हणून माझ्या मते सगळ्या फाईलमध्ये तोच सगळ्यात जपून सही करायचा कागद आहे. वाचकांपैकी ज्यांचं कर्ज अजून व्हायचं आहे त्यांनी तो अगदी शेवटी, सगळं खरोखर समजल्यावरच सही करावा.

आता करायचं काय. मुख्य तथ्य विवरणाला किमान तीन कामाच्या दिवसांची मुदत असते. तेवढ्या वेळात त्यातल्या अटी बँकेवर बंधनकारक राहतात आणि तुम्हाला विचार करायला सवड मिळते. तुम्हाला कागद शुक्रवारी दुपारी मिळाला, पुढं दुसरा शनिवार आणि रविवार. म्हणजे सोमवार हा पहिलाच कामाचा दिवस होता, त्याच दिवशी सही करा असा आग्रह धरायचं कारण नव्हतं. बुधवारपर्यंत तुम्ही मॅनेजरच्या नावे अर्ज द्या. मी मजकूर देते, तो मराठीतच लिहा, हवं तर सोबत कन्नड किंवा इंग्रजी प्रत जोडा:

‘माझ्या कर्ज प्रस्तावात कर्जसंरक्षण विम्याचे २१,६०० रुपये धरले आहेत. या विम्याबद्दल मला माहिती दिली गेली नव्हती. मला तो नको आहे. संमतीपत्रावरील माझी सही मी मागे घेत आहे. विमा वगळून नवीन मुख्य तथ्य विवरण मला मराठीत द्यावे व समजावून सांगावे. त्यानंतर मी करारावर सही करेन. हा विमा मंजुरीची सक्तीची अट असेल तर तसे लेखी कळवावे.’

दोन प्रती करा, एकीवर तारखेसह आवकचा शिक्का घ्या. यातलं शेवटचं वाक्य गाळू नका. विशिष्ट विमा घ्यायला कर्जदारावर सक्ती करता येत नाही हे शाखेत सगळ्यांना माहीत असतं, त्यामुळे ‘सक्तीचा आहे’ असं लिहून द्यायला कुणी धजत नाही. तोंडी मात्र ‘वरून आदेश आहे’ म्हणतील. खरं आहे, वरून विम्याचं उद्दिष्ट येतं आणि महिनाअखेरीला ते साहेबांच्या मानगुटीवर बसतं. त्यांची अडचण मला कळते, पण ती तुमच्या हप्त्यातून सुटायला नको.

एक फरक मात्र ध्यानात ठेवा. यंत्राचा आग, चोरी वगैरेंचा विमा वेगळा. यंत्र बँकेकडे तारण राहतं, त्यामुळे तो विमा बँक मागेल आणि ते रास्त आहे. तुम्ही नाकारताय तो तुमच्या जीवाचा विमा. तोही मुळात वाईट नसतो. घरात कमावणाऱ्या तुम्ही एकट्या असाल तर कर्जाचं ओझं मागच्यांवर पडू नये याची सोय हवीच. पण ती तुम्ही निवडून घ्या. वय ५० च्या आत असेल तर पंतप्रधान जीवनज्योती विमा वर्षाला ४३६ रुपयांत दोन लाखांचं संरक्षण देतो आणि तो त्याच शाखेत मिळतो. उरलेल्या रकमेसाठी साध्या मुदत विम्याचे दर दोन-तीन ठिकाणी विचारा, मग बँकेच्या २१,६०० शी ताडून बघा.

नवीन कागद आला की एपीआरवर बोट ठेवा. तो साडेअकराच्या आसपास उतरला पाहिजे. उतरला नाही तर विमा निघून दुसरं काहीतरी आत आलं आहे, तेव्हा प्रत्येक शुल्काची ओळ विचारा. या कागदात नसलेलं कोणतंही शुल्क पुढं तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही, म्हणून तो कर्ज फिटेपर्यंत रेशनकार्डासारखा जपा.

अर्ज दिल्यानं कर्ज अडेल का, ही तुमची भीती मी हलकी मानत नाही. एखादा अधिकारी फाईल दाबून ठेवू शकतो, तसं मी पाहिलं आहे. पण लेखी काही असलं की दाबणं कठीण जातं. अर्जाची पोच देणं बँकेला बंधनकारक आहे आणि कर्ज नाकारलं तर कारण लेखी द्यावं लागतं. सूक्ष्म आणि लघु उद्योगाच्या २५ लाखांपर्यंतच्या कर्जावर, कागदपत्रं पूर्ण असतील तर, १४ कामाच्या दिवसांत निर्णय अपेक्षित आहे. तुमची मंजुरी तर झालेलीच आहे. विमा नको म्हटल्यावर ती फिरवली तर ‘का’ याचं उत्तर त्यांना कागदावर द्यावं लागेल.

काउंटरवरच्या माणसाची तक्रार कराच, पण ती वेगळ्या कागदावर करा, विम्याच्या अर्जात मिसळू नका. दोन्ही एकत्र दिलं की मॅनेजर उठून ‘सॉरी ताई’ म्हणतात, त्या माणसाला बोलावून समज देतात, तुमचं मन भरून येतं आणि विमा तसाच राहतो. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. वागणुकीची तक्रार शाखेच्या तक्रारवहीत लिहा, तिची फाडून घ्यायची प्रत असते ती मागून घ्या. ‘उर्मट’, ‘माजोरी’ असले शब्द नकोत. तारीख, अंदाजे वेळ, काउंटर, काय म्हणाला, फाईलचं काय केलं आणि तुम्हाला काय हवं होतं तेवढं लिहा. तुम्हाला हवं होतं ते साधं आहे: काय कमी आहे त्याची लेखी यादी. ती मागणी वहीत लिहिली तर पुढच्या बाईलाही तिचा उपयोग होईल.

बँकेनं ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा पटणारं दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. cms.rbi.org.in वर तक्रार नोंदवता येते, पैसे लागत नाहीत. त्याआधी काही विचारायचं असेल तर १४४४८ या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. फक्त एवढं धरून चला, की कर्ज द्यावं की न द्यावं हा बँकेचा व्यावसायिक निर्णय असतो, तो लोकपाल बदलून देत नाहीत. न सांगता घातलेला विमा, न दिलेला कागद, न दिलेलं उत्तर, यांची दाद मात्र तिथं मागता येते.

सासऱ्यांचं म्हणणं उरलं. सोसायटीत आपली माणसं असतात, मराठीत बोलतात, कागदं कमी मागतात, हे सगळं खरं, आणि आपल्या भागातली कितीतरी घरं त्यांवर उभी राहिली. पण गावची पतसंस्था किंवा सौहार्द सहकारी संस्था ही रिझर्व्ह बँकेच्या कक्षेतली बँक नव्हे. मुख्य तथ्य विवरणाचा नियम तिला लागू नाही आणि लोकपालही तिथं पोचत नाही. तक्रार घेऊन जायचं ते सहकार खात्याकडे, आणि सोसायटी बहुराज्यीय असेल तर केंद्राच्या निबंधकाकडे. म्हणून तिथून घ्यायचं ठरलं तर अध्यक्ष नात्यातले असले तरी तीन गोष्टी लिहून मागा: व्याज घटत्या शिल्लकीवर की मूळ रकमेवर, हातात नेमके किती पडणार, आणि साठ हप्त्यांची एकूण बेरीज किती. बँकेच्या कागदावर ती बेरीज ७,८२,७०० आहे. सोसायटीची बेरीज तिच्याशेजारी ठेवा आणि सासऱ्यांना दाखवा. व्याज मूळ रकमेवर धरलेलं असेल तर ‘अकराच टक्के’ हे शब्द तेच राहतील आणि बेरीज ९,३०,००० होईल.

बुधवारी जाल तेव्हा साडेदहाच्या गर्दीत जाऊ नका, दुपारी तीनच्या सुमारास जा. सोबत लिहिता-वाचता येणारं एक माणूस न्या. साहेब पुन्हा चहा मागवतील, तो घ्या, आणि चहा संपेपर्यंत पेन पिशवीतच राहू द्या. बाहेर पडलात की शाखेसमोरच्या कट्ट्यावर दहा मिनिटं बसून कोण काय म्हणालं ते वहीत लिहा, कारण घरी पोचेपर्यंत ‘साडेअकरा म्हणाले की अकरा’ याचाच घोळ होतो. करार झाला की त्याची जोडपत्रांसकट पूर्ण प्रत मागून घ्या, ती द्यावीच लागते. आणि नव्या विवरणाचा फोटो मला पाठवा, एपीआर मी तपासून देते.